कर्जाचा ठराव ईमेलवर पास केला तर चालतो का? (कंपनी लॉचा प्रॉब्लेम, मदत हवीये)

मृण्मयी_नाशिक
नमस्कार मंडळी, सीएस एक्झिक्युटिव्हचा अभ्यास चालू आहे आणि क्लासमध्ये एक प्रॉब्लेम दिलाय त्यावर आमच्या ग्रुपमध्ये दोन दिवस नुसती भांडणं चालू आहेत, म्हणून इथे टाकतेय.

क्ष लिमिटेड ही पब्लिक कंपनी, पण लिस्टेड नाही. आर्टिकल्सप्रमाणे डायरेक्टर सात, त्यातले एक वारले आणि ती जागा अजून भरलेली नाही, म्हणजे प्रत्यक्षात सहा. पेड-अप कॅपिटल ४ कोटी, रिझर्व्ह्ज २.५ कोटी, सिक्युरिटीज प्रीमियम ५० लाख. आधीचं टर्म लोन ३.५ कोटी बाकी आहे, शिवाय बँकेची कॅश क्रेडिट १.५ कोटी वापरलेली. आता एमडीला नवीन मशीनसाठी ३ कोटींचं टर्म लोन घ्यायचंय. त्याने ठरावाचा मसुदा सहाही जणांना ईमेल केला, चौघांनी 'मंजूर' असं उत्तर दिलं, दोघांनी काहीच कळवलं नाही. बँक म्हणाली हे चालणार नाही, मीटिंगचा ठराव आणा. मग एमडीने सात दिवसांची नोटीस काढून मीटिंग बोलावली, पण जो डायरेक्टर दुबईला असतो त्याला नोटीस पाठवलीच नाही, कारण तो तसाही येणार नव्हता. मीटिंगला एमडी आणि आणखी एक असे दोघंच आले, दोघांनी ठराव पास केला.

प्रश्न असा की ठराव वैध आहे का, आणि शेअरहोल्डरांकडे जावं लागेल का. ग्रुपमधले अर्धे म्हणतात चौघांनी हो म्हटलंय म्हणजे संपला विषय, बाकीचे म्हणतात कोरमच नव्हता.

एलएलबी_थर्ड_इयर
सोपं आहे. कोरम म्हणजे एक तृतीयांश किंवा दोन, जे जास्त असेल ते. सातचे एक तृतीयांश २.३३, अपूर्णांक पूर्ण धरायचा म्हणजे ३. दोघंच आले म्हणजे कोरम नाही, मीटिंग रद्द. आणि कर्जाची बेरीज बघ, ३.५ अधिक १.५ अधिक ३ म्हणजे ८ कोटी, मर्यादा ४ अधिक २.५ अधिक ०.५ म्हणजे ७ कोटी, म्हणजे कलम १८० खाली स्पेशल रिझोल्यूशन लागणार. ७५ टक्के शेअरहोल्डरांनी हो म्हणायला हवं. झालं उत्तर.

जुना_सेक्रेटरी
थर्ड इयर, घाई झाली. कोरमला एक तृतीयांश काढायचा तो 'टोटल स्ट्रेंग्थ'चा, आणि कलम १७४ मध्येच लिहिलंय की रिकाम्या जागा त्यातून वजा करायच्या. म्हणजे सात नाही, सहा. सहाचे एक तृतीयांश दोन. दोघं हजर होते म्हणजे कोरम होता. प्रॉब्लेम काढणाऱ्याने एक डायरेक्टर मारला तो उगाच नाही!

आता ईमेलवाल्या ठरावाकडे. सर्क्युलेशनने ठराव करता येतो, कलम १७५, मसुदा आणि लागणारे कागद सगळ्या डायरेक्टरांना पाठवायचे आणि मत द्यायचा हक्क असलेल्यांपैकी बहुमताने मंजूर व्हायला हवा. इथे मुलं नेहमी फसतात, बहुमत हे उत्तर आलेल्यांचं मोजत नाहीत, हक्क असलेल्या सगळ्यांचं मोजतात. सहामध्ये चार म्हणजे बहुमत झालं, तिथे काही अडचण नाही. सहापैकी दोघांनी जर 'हा विषय मीटिंगमध्येच घ्या' असं म्हटलं असतं तर चेअरमनला तो मीटिंगपुढे ठेवावाच लागला असता, कारण दोन म्हणजे एक तृतीयांश. पण ते दोघं गप्प राहिले, गप्प राहणं म्हणजे मागणी नव्हे.

खरी अडचण वेगळीच आहे. कलम १७९ च्या पोटकलम ३ मध्ये काही अधिकार असे दिलेत की ते बोर्डाने फक्त मीटिंगमध्ये ठराव करूनच वापरायचे. कर्ज घेणं त्यात आहे. म्हणजे सहाच्या सहा जणांनी ईमेलवर मंजूर लिहिलं असतं तरी तो ठराव कर्जासाठी निरुपयोगी. बँकेने परत पाठवला तो बरोबरच.

मृण्मयी_नाशिक
ओह, म्हणजे चार की सहा हा मुद्दाच नाही! मग सर्क्युलेशनने नक्की काय करता येतं? क्लासमध्ये आम्हाला १७९(३) ची यादी पाठ करायला लावलीये, ए बी सी डी करत.

जुना_सेक्रेटरी
यादी पाठ करून उपयोग नाही, ती का तशी आहे ते बघ. न भरलेल्या शेअर्सवर पैसे मागवणं, शेअर किंवा डिबेंचर काढणं, बायबॅक, कर्ज घेणं, पैसे गुंतवणं, दुसऱ्याला कर्ज किंवा गॅरंटी देणं, हिशोब आणि बोर्डाचा रिपोर्ट मंजूर करणं, नवीन धंद्यात शिरणं, मर्जर, दुसरी कंपनी ताब्यात घेणं. या सगळ्यांत कंपनीचा पैसा किंवा अख्खी दिशाच पणाला लागते. अशा वेळी कोणीतरी समोर बसून 'हे का करायचं' असं विचारावं ही कायद्याची अपेक्षा. ईमेलवर कोण विचारतंय. नियमांमध्ये आणखी भर आहे, केएमपी नेमणं किंवा काढणं, इंटर्नल ऑडिटर आणि सेक्रेटरियल ऑडिटर नेमणं, राजकीय देणगी. या यादीबाहेरचं आणि कायद्याने दुसरीकडे कुठे मीटिंगच हवी असं म्हटलेलं नाही असं काम सर्क्युलेशनने होतं, उदाहरणार्थ कोर्टातल्या एखाद्या केससाठी सही करायला कोणाला अधिकार द्यायचा वगैरे. आणि तो ठराव पुढच्या मीटिंगमध्ये नोंदवायचा, मिनिट्समध्ये घ्यायचा, हे प्रत्यक्षात हमखास राहून जातं.

कर्ज, गुंतवणूक आणि कर्ज-गॅरंटी देणं हे तीन अधिकार बोर्ड एमडीला किंवा कमिटीला सोपवू शकतं, पण ते सोपवण्याचा ठरावसुद्धा मीटिंगमध्येच व्हायला हवा. या कंपनीने तसा ठराव आधी केला असता, तर एमडीला हे सगळं करायची गरजच पडली नसती.

चाकणचा_वर्कशॉपवाला
मी विद्यार्थी नाही पण हे वाचून घाम फुटला. आमची प्रायव्हेट लिमिटेड, डायरेक्टर मी आणि बायको. बँकेने दरवेळी बोर्ड रिझोल्यूशनची सर्टिफाइड ट्रू कॉपी मागितली की सीएच्या ऑफिसातून टाइप करून येते, आम्ही सही ठोकतो आणि देतो. मीटिंग म्हणजे जेवताना बोलतो तेवढीच. आता तुम्ही म्हणता मीटिंग हवीच. मग आमची सगळी कर्जं बेकायदेशीर का?

जुना_सेक्रेटरी
बेकायदेशीर म्हणून घाबरू नका, पण ठराव टाइप होतो आणि मिनिट्स बुकात काहीच नाही ही स्थिती बरी नाही. दोघंच असाल तर मीटिंग घेणं अवघड ते काय, दोघं बसा, मिनिट्स लिहा, कोरम दोनचाच. मिनिट्स ३० दिवसांच्या आत बुकात जायला हवीत. आणि तारीख त्या दिवसाचीच टाका, मागची नको. तुम्ही 'स्मॉल कंपनी'त बसत असाल तर वर्षाला चार मीटिंग लागत नाहीत, जानेवारी ते जून एक आणि जुलै ते डिसेंबर एक, फक्त दोघींमध्ये निदान ९० दिवसांचं अंतर हवं. बाकीच्यांना वर्षाला किमान चार आणि दोन मीटिंगमध्ये १२० दिवसांपेक्षा जास्त अंतर नको.

तुम्हाला एक मोठी सवलत मात्र आहे, कलम १८० प्रायव्हेट कंपनीला लागू नाही, ५ जून २०१५ च्या नोटिफिकेशनने ते काढलं. म्हणजे तुम्हाला स्पेशल रिझोल्यूशनची भानगड नाही. पण १७९ लागू आहे, त्यातला मीटिंगचा नियम तुम्हालाही आहे. शिवाय ही सवलत तेव्हाच जेव्हा तुमचे बॅलन्स शीट आणि अॅन्युअल रिटर्न आरओसीकडे वेळेवर भरलेले असतात.

चाकणचा_वर्कशॉपवाला
रिटर्न... बघतो सीएला फोन करून. 😅

अध्यक्ष_कोथरूड
आमच्या सोसायटीतसुद्धा मॅनेजिंग कमिटीने व्हॉट्सअॅपवर रंगकामाचं काँट्रॅक्ट मंजूर केलंय आणि मी एकटा विरोधात होतो. वर म्हटल्याप्रमाणे कलम १७९ खाली ते रद्द होतं ना? कोणत्या फॉर्मवर तक्रार करायची?

बँकवाला_निवृत्त
अध्यक्षसाहेब, हाउसिंग सोसायटी म्हणजे कंपनी नव्हे हो. तुम्हाला महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० आणि तुमचे उपविधी लागतात. कंपनी कायद्यातलं १७९ तुम्हाला लागू नाही. वेगळा धागा काढा, इथे विषय भरकटेल.

आता मूळ प्रॉब्लेमवर बोलतो, मी क्रेडिट डिपार्टमेंटला होतो. थर्ड इयरने सीसीचे १.५ कोटी मर्यादेत धरलेत ते चुकीचं आहे. कलम १८०(१)(सी) मध्ये बँकेकडून नेहमीच्या व्यवहारात घेतलेली तात्पुरती कर्जं बाजूला ठेवायची असं स्पष्ट आहे. आणि तात्पुरती म्हणजे मागितल्याबरोबर परत करायची किंवा घेतल्यापासून सहा महिन्यांत फेडायची, त्यात कॅश क्रेडिट, बिल डिस्काउंटिंग ही नावं घेऊनच लिहिलंय. म्हणजे बेरीज ३.५ अधिक ३, साडेसहा कोटी. मर्यादा ७. शेअरहोल्डरांकडे जायची गरज नाही.

आणखी एक, सीसीतून रोज पैसे काढता त्याला प्रत्येक वेळी ठराव लागत नाही. बँकेशी जी व्यवस्था केली, म्हणजे सीसीची लिमिट, त्याला ठराव लागतो. रोजच्या उलाढालीला नाही. हेही कलम १७९ च्या स्पष्टीकरणात आहे, आणि तरी आमच्याकडे एक महाशय दर महिन्याला ठराव घेऊन यायचे.

मृण्मयी_नाशिक
अरे वा. थांबा, प्रॉब्लेमच्या खाली बारीक अक्षरात टीप होती, मला वाटलं तिचा काही संबंध नाही म्हणून टाकली नव्हती. 'रिझर्व्ह्जमध्ये जमिनीच्या रीव्हॅल्युएशनचे ६० लाख समाविष्ट आहेत.'

केतकी_सीए
संबंध नाही?! अगं तीच तर गाठ आहे सगळी. मर्यादेत येतात ते 'फ्री रिझर्व्ह', आणि फ्री रिझर्व्ह म्हणजे जे डिव्हिडंड म्हणून वाटता येतात ते. जमिनीची किंमत कागदावर वाढवली म्हणून हातात पैसा आला का, नाही ना, म्हणून न झालेला नफा, रीव्हॅल्युएशन, हे सगळं वगळायचं. म्हणजे फ्री रिझर्व्ह २.५ नाही, १.९ कोटी. मर्यादा ४ अधिक १.९ अधिक ०.५, एकूण ६.४ कोटी. आणि कर्ज साडेसहा. दहा लाखांनी वर गेलं! स्पेशल रिझोल्यूशन लागणारच.

बघ म्हणजे थर्ड इयरचं उत्तर बरोबर, फक्त ज्या वाटेने आला ती चुकीची. परीक्षेत त्याला मार्क कमीच मिळणार.

एलएलबी_थर्ड_इयर
उत्तर बरोबर आलं ना, मग झालं 😎 पण ते ७५ टक्क्यांचं तरी बरोबर आहे ना?

जुना_सेक्रेटरी
तेही अर्धवट. ७५ टक्के शेअरहोल्डरांचे नाही, आणि एकूण मतांचेही नाही. कलम ११४ म्हणतं की बाजूची मतं ही विरोधातल्या मतांच्या निदान तिप्पट हवीत. ज्याने मतच दिलं नाही तो मोजलाच जात नाही. समज कंपनीत १०० मतं आहेत, ६० बाजूने, २० विरोधात, २० आलेच नाहीत. ६० हे २० च्या बरोबर तिप्पट, पास. तुझ्या हिशोबाने ६० टक्केच झाले म्हणून तू तो नापास केला असतास. ऑर्डिनरीला बाजूची मतं विरोधापेक्षा जास्त असली की पुरे. आणि नोटिशीत 'हा स्पेशल रिझोल्यूशन म्हणून मांडणार' असं लिहिलेलं हवं, नाहीतर सगळ्यांनी हात वर केले तरी उपयोग नाही.

अनिकेत_लॉ
एक शंका, स्पेशल नोटीस म्हणजे स्पेशल रिझोल्यूशनचीच नोटीस ना? आमच्या सरांनी डायरेक्टर काढायला स्पेशल नोटीस सांगितली म्हणजे तीन चतुर्थांश मतं लागत असणार.

जुना_सेक्रेटरी
नाही नाही, हा गोंधळ दरवर्षी होतो. स्पेशल नोटीस शेअरहोल्डर कंपनीला देतो, की बाबा मी पुढच्या सभेत अमुक ठराव मांडणार आहे, सभेच्या निदान १४ दिवस आधी. ठराव मात्र ऑर्डिनरीच असतो. कलम १६९, डायरेक्टरला मुदतीआधी काढायला साधं बहुमत पुरतं, पण त्याला स्वतःची बाजू मांडायची संधी द्यावी लागते. ऑडिटरला मुदतीआधी काढायचं म्हटलं तर मात्र स्पेशल रिझोल्यूशन आणि केंद्र सरकारची आधी परवानगी, म्हणजे डायरेक्टरपेक्षा ऑडिटर काढणं अवघड, आणि ते तसंच असायला हवं.

याचं उदाहरण मुंबईतलंच आहे. सायरस मिस्त्रींना टाटा सन्सच्या चेअरमनपदावरून काढलं ते २४ ऑक्टोबर २०१६ च्या बोर्ड मीटिंगमध्ये, बॉम्बे हाऊसला. पण बोर्ड चेअरमनपद काढू शकतं, डायरेक्टरपद नाही, म्हणून ते डायरेक्टर राहिलेच. डायरेक्टर म्हणून काढायला शेअरहोल्डरांची सभा घ्यावी लागली, ती ६ फेब्रुवारी २०१७ ला. पुढे एनसीएलटी, एनसीएलएटी करत प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि २६ मार्च २०२१ ला टाटांच्या बाजूने निकाल लागला. कोणाची बाजू बरोबर हा वाद इथे नको, पण बोर्ड कुठे थांबतं आणि शेअरहोल्डर कुठे सुरू होतात हे त्या दोन तारखांत दिसतं.

अनिकेत_लॉ
मग शेअरहोल्डर मालक असूनही बोर्डाला 'हे कर्ज घ्याच' असं सांगू शकत नाहीत का?

जुना_सेक्रेटरी
साध्या बहुमताने नाही. १९०६ ची इंग्लंडची केस आहे, ऑटोमॅटिक सेल्फ-क्लीन्सिंग फिल्टर सिंडिकेट विरुद्ध कनिंगहॅम. साधारण ५५ टक्के मतांनी शेअरहोल्डरांनी ठरवलं की कंपनीची मालमत्ता नवीन कंपनीला विकायची, बोर्ड म्हणालं आम्हाला हे कंपनीच्या हिताचं वाटत नाही, विकणार नाही. कोर्टाने बोर्डाच्या बाजूने निकाल दिला, कारण आर्टिकल्सने कारभार बोर्डाकडे दिला होता आणि त्यांना आदेश द्यायला तीन चतुर्थांश मतांचा ठराव लागत होता. पटत नसेल तर आर्टिकल्स बदला किंवा डायरेक्टर बदला, रोज उठून हुकूम देऊ नका. आपल्याकडे कलम १७९(१) चा सूरही तोच. कलम १८० मात्र उलट्या दिशेचं, तिथे बोर्डाला हवंय पण शेअरहोल्डरांची संमती लागते.

मृण्मयी_नाशिक
हे खूप छान समजलं. पण दुबईवाल्या डायरेक्टरचं राहिलंच. कोरम होता, मीटिंग होती, पण एकाला नोटीस नाही. तो आला असता तरी फरक पडला नसता ना, दोघांनी एकमताने केलंय.

जुना_सेक्रेटरी
फरक पडतो. कलम १७३(३) म्हणतं प्रत्येक डायरेक्टरला नोटीस, त्यात 'येणार असेल त्याला' असं कुठे नाही. ईमेलने चालते, मग दुबई काय आणि डोंबिवली काय, पाठवायला काय जातंय. शिवाय तो व्हिडिओ कॉलवरून हजर राहू शकला असता, आणि त्याची हजेरी कोरममध्ये धरतात. त्यामुळे 'येणार नव्हता' हे एमडीने स्वतःच ठरवलंय. नोटीस न देणाऱ्या अधिकाऱ्याला २५ हजारांचा दंड आहे, पण दंड बाजूला ठेव, ठरावच उभा राहत नाही.

मात्र तो कायमचा मेला असंही नाही. परमेश्वरी प्रसाद गुप्ता विरुद्ध भारत सरकार, सुप्रीम कोर्ट, १९७३. बोर्डाने जनरल मॅनेजरला काढायचा ठराव केला, पण एका डायरेक्टरला मीटिंगची नोटीस नव्हती. कोर्ट म्हणालं तो ठराव अवैध. पण पुढे रीतसर भरलेल्या मीटिंगमध्ये बोर्डाने त्या कामाला मान्यता दिली होती, आणि ती मान्यता मूळ कामाच्या तारखेपासून लागू धरली गेली. म्हणजे क्ष लिमिटेडलाही पुन्हा सहाही जणांना नोटीस देऊन मीटिंग घेता येईल आणि झालेलं पक्कं करता येईल. पण बोर्ड फक्त बोर्डाच्या अखत्यारीतलं पक्कं करू शकतं, शेअरहोल्डरांच्या वाट्याचं नाही.

केतकी_सीए
व्हिडिओ कॉलवरून आठवलं, जुन्या गाईडमध्ये अजून छापलेलं आहे की हिशोब मंजूर करणं, मर्जर वगैरे विषय व्हिडिओवर घेता येत नाहीत. तो नियम जून २०२१ मध्ये काढून टाकलाय. जुनी पुस्तकं वापरणाऱ्यांनी खोडून टाका. पण नुसता फोन कॉल अजूनही चालत नाही, दिसायलाही हवं आणि ऐकूही यायला हवं, आणि रेकॉर्डिंग ठेवायला हवं.

मृण्मयी_नाशिक
मग नीट करायचं असतं तर काय क्रमाने?

जुना_सेक्रेटरी
आधी बोर्ड मीटिंग, सहाही जणांना सात दिवसांची नोटीस. तिथे कर्जाचा प्रस्ताव मंजूर करायचा, पण शेअरहोल्डरांच्या संमतीच्या अटीवर, आणि त्याच मीटिंगमध्ये सभा बोलवायची. सभेला पूर्ण २१ दिवसांची नोटीस, नोटीस पाठवल्याचा आणि सभेचा दिवस सोडून. सभेत स्पेशल रिझोल्यूशन, त्यात कमाल आकडा लिहावाच लागतो, म्हणून शहाणे लोक '६.५ कोटी' असं नेमकं लिहीत नाहीत, '१२ कोटींपर्यंत' असं पुढचं धरून लिहितात, नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा सभा. मग ३० दिवसांत एमजीटी-१४ आरओसीकडे. मग बँकेत सह्या, आणि मशीन तारण दिलं की चार्जची नोंद, तीही ३० दिवसांत. हे सगळं करायला साधारण दीड महिना जातो, आणि मशीनवाला कोटेशन धरून बसलेला असतो, म्हणून तर एमडी लोक ईमेलचा शॉर्टकट मारतात.

एलएलबी_थर्ड_इयर
एवढं सगळं कशाला, टर्क्वांड आहे ना. १८५६. बाहेरच्या माणसाला आतले ठराव झाले की नाही बघायची गरज नाही. बँकेने पैसे दिले की कंपनी बांधली गेली.

बँकवाला_निवृत्त
हे वाचून आमचे लीगलवाले हसले असते. टर्क्वांड केसमध्ये सभेचा जो ठराव लागणार होता तो कुठे सरकारी दप्तरात नोंदवायचा नव्हता, म्हणून बाहेरच्याला तपासायची सोय नव्हती. आपल्याकडे स्पेशल रिझोल्यूशन एमजीटी-१४ ने नोंदवला जातो आणि तो फी भरून कोणीही एमसीएच्या साइटवर बघू शकतं. मग बँक कशी म्हणणार की आम्हाला कळायचा मार्ग नव्हता? कलम १८०(५) तर सरळ म्हणतं की मर्यादेबाहेरचं कर्ज वैध नाही, जोपर्यंत देणारा सिद्ध करत नाही की त्याने चांगल्या हेतूने आणि मर्यादा ओलांडल्याचं माहीत नसताना पैसे दिले. आणि आमच्या फाइलमध्ये बॅलन्स शीट असतेच, त्यात रीव्हॅल्युएशन रिझर्व्ह वेगळ्या ओळीत लिहिलेलं असतं. माहीत नव्हतं म्हणायला तोंड कुठे आहे.

जुना_सेक्रेटरी
यात एक बारीक गंमत आहे, बघ मृण्मयी. पब्लिक कंपनीला १७९(३) खालचे बोर्डाचे ठरावही एमजीटी-१४ ने भरावे लागतात. पण ते भरलेले ठराव बाहेरच्या कोणाला बघता येत नाहीत, कलम ११७ मध्ये तशी मनाई आहे. म्हणजे दुबईवाल्याला नोटीस गेली की नाही हे बँकेला तपासता येणार नाही, तिथे टर्क्वांड बँकेच्या मदतीला येईल. पण शेअरहोल्डरांचा स्पेशल रिझोल्यूशन झाला की नाही हे बघता येतं, तिथे नाही येणार. एकाच कर्जात दोन दोष, एक बँकेला माफ, दुसरा नाही. उत्तरपत्रिकेत एवढं लिहिलंस तर तपासणारा उठून बसेल.

चाकणचा_वर्कशॉपवाला
मी धंदेवाल्याच्या डोक्याने विचारतो, दहा लाखांसाठी एवढा खटाटोप कशाला? कर्ज तीन कोटीऐवजी दोन कोटी नव्वद लाखांचं घ्या. ३.५ अधिक २.९ म्हणजे ६.४. मर्यादेला बरोबर टेकलं, ओलांडलं नाही. दहा लाख घरून घाला.

केतकी_सीए
😂 हे कायद्याने खरंच चालतं. कलमात 'ओलांडली तर' असंच आहे, बरोबरीला संमती लागत नाही. फक्त 'घरून' म्हणजे डायरेक्टरने कंपनीला कर्ज दिलं असं झालं तर तेही कंपनीचं कर्जच, पुन्हा बेरजेत येणार. शेअर घेऊन घाला, कॅपिटल वाढेल, मर्यादाही वाढेल. पण मग शेअर काढायचे नियम आले, ते वेगळंच.

मृण्मयी_नाशिक
चाकणवाल्या दादांचं उत्तर मी क्लासमध्ये सांगितलं तर सगळे उडणार. पण आता एक नवीन शंका. आमच्या ग्रुपमधल्या एकाने विचारलं की समजा त्या १.५ कोटींच्या सीसीतले ४० लाख कंपनीने शेड बांधायला वापरले असतील तर? कलमात असंही आहे ना की भांडवली खर्चासाठी घेतलेलं कर्ज तात्पुरतं धरायचं नाही. मग ते ४० लाख बेरजेत येतात का, आणि आले तर २.९ वालं गणित पण कोसळतं.

बँकवाला_निवृत्त
माझं मत, नाही येत. सीसी घेतली वर्किंग कॅपिटलसाठी, सँक्शन लेटरमध्ये तसं लिहिलंय. नंतर पैसे दुसरीकडे वळवले तर तो बँकेशी केलेला करारभंग, बँक लिमिट थांबवेल, पण कर्जाचं स्वरूप बदलत नाही. कलमातले शब्द 'त्या हेतूसाठी उभारलेलं कर्ज' असे आहेत, वापर कशाला झाला असं नाही.

केतकी_सीए
मला हे पटत नाही. सीसी दरवर्षी रिन्यू होत राहते आणि त्यातले ४० लाख शेडमध्ये कायमचे अडकलेत, ते मागितल्याबरोबर परत येणार नाहीत हे कंपनीलाही माहितीये आणि बँकेलाही. कागदावर 'ऑन डिमांड' लिहिलं म्हणून ते तात्पुरतं होतं का? असं असेल तर मर्यादेला काही अर्थच उरत नाही, सगळं सीसीतून करत राहा.

जुना_सेक्रेटरी
दोघांचंही ऐकलं. शब्द बँकवाल्यांच्या बाजूने आहेत, हेतू केतकीच्या. मी सेक्रेटरी असतो तर ते ४० लाख बेरजेत धरून सरळ ठराव करून घेतला असता, कारण सभा घ्यायचा खर्च त्या वादापेक्षा कमी. परीक्षेत मात्र दोन्ही बाजू लिही आणि एक निवड, कारण देऊन.

एलएलबी_थर्ड_इयर
मी बँकवाल्या काकांच्या बाजूने. आणि यावेळी कारणासकट 🙂

अध्यक्ष_कोथरूड
सोसायटीचा वेगळा धागा काढलाय, लिंक प्रोफाइलवर आहे, कृपया तिथे या.